रेंज आली आणि गाणी गेली

परवा धुळ्याहून जळगावला येत होतो, एसटीने. बॅटरी वाचवायला डेटा बंद, कानात गाणी, एकदम मस्त चाललं होतं. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली म्हणून सहज डेटा चालू केला आणि गाणं मधेच बंद. डाउनलोड केलेली सगळी गाणी राखाडी. लोकांची रेंज गेली की गाणी जातात, माझी रेंज आली म्हणून गेली.

पाठोपाठ भाऊजींचा मेसेज, 'काल तुला गाण्यांच्या ऍपच्या फॅमिली प्लॅनमधून काढलं रे, बाबांना ऍड केलं, सहाच जागा असतात ना.' म्हणजे काढलं काल, पण माझ्या फोनला पत्ताच नव्हता. ऑफलाइन होतो तोवर ऍप जुन्या परवानगीवर बिचारं इमानेइतबारे गात होतं, नेट लागल्यावर त्याने वर विचारलं आणि तिथून उत्तर आलं की हा आता फुकट्या आहे.

शेजारी एक बाबा, मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी. माझं तोंड बघून म्हणाले, "काय व्हयनं रे भो, कोनी वारी गयं का?"

म्हटलं, बाबा, गाणी गेली.

"कथी गयात?"

आता काय सांगणार. मोबाईल दाखवला. लाइक केलेली अकराशे गाणी जागेवर, 'शेतावर जाताना' नावाची माझी प्लेलिस्ट पण जागेवर. (मला शेत नाहीये, ते सोडा.) अकाउंट माझं, म्हणून याद्या माझ्या. फक्त डाउनलोड बंद, आणि नेट लावून ऐकायचं तर मधे जाहिराती.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. "पैसा कोन भरे?"

"भाऊजी."

"मंग तू काब्रं रडस? सातबारा तुना नाववर शे, पन मोटर पाहुनाना मीटरवर शे. त्यानी बटन बंद कयं, पानी कसं यी?"

मागच्या सीटवरची बाई खुदकन हसली. मला राग आला कारण पटलं. ऍपच्या हेल्प पेजवर हेच चार पानांत लिहिलंय आणि चारदा वाचूनही मला कळलं नव्हतं.

म्हटलं, भावाच्या प्लॅनमधे जातो. तर आमच्या ऍपचा नियम, फॅमिली वर्षात एकदाच बदलता येते आणि भाऊजींच्यात शिरून मला सातच महिने झालेत. शिवाय सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. मी जळगावात, भाऊजी धुळ्यात, म्हणजे मुळात मीच खोटा, भांडणार कोणत्या तोंडाने? पण निदान आदल्या दिवशी फोन तरी करायचा ना माणसाने! सख्खा मेव्हणा आहे मी! आणि ज्यांच्यासाठी मला काढलं ते बाबा दिवसभर तीनच भजनं ऐकतात, तीही रेडिओवर.

आता स्वतःचा प्लॅन घेतला तर याद्या आहेतच, पण डाउनलोड सगळं पहिल्यापासून. एरंडोलला वांग्यांवाले बाबा उतरले. उतरताना म्हणाले, "वांगं देऊ का एक?"

घेतलं.