मृत्युपत्र नाही? मग आजी कधी गेली ते बघा

"मृत्युपत्र केलं नसेल तर जमीन मुलग्यांची. बहिणीचं लग्न झालं की तिचा हक्क संपला, आईला फक्त पोटापुरतं. तलाठ्याकडे जाऊन सातबारा नावावर करून घ्या, मग कोणी काही करू शकत नाही."

गावात सर्रास मिळणारा हा सल्ला चुकीचा आहे. बहिणीपासून सुरुवात करू. हिंदू वारसा कायदा 1956 चा आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलगीही पहिल्या वर्गाची वारस, हे तेव्हापासूनचं आहे. लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही. 2005 ची दुरुस्ती मुख्यतः वडिलोपार्जित मिळकतीबद्दल आहे, आणि लोक या दोन्हींची सरमिसळ करतात. (हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागतो, मुस्लिम आणि ख्रिश्चन घरांचे नियम वेगळे.)

गेलेल्या माणसाच्या आईचं, म्हणजे मुलांच्या आजीचं, मात्र नीट समजून घ्या, कारण खरा गुंता तिथेच होतो. समजा रत्नागिरीकडच्या एका गावात एकाने स्वतः विकत घेतलेली 60 गुंठे कलमांची बाग आहे. तो मृत्युपत्र न करता गेला. मागे म्हातारी आई, बायको, दोन मुलगे, एक मुलगी. पाचही जण समान वारस, प्रत्येकाला 12 गुंठे. आईचा हिस्सा हा पोटगी नव्हे, ती त्या 12 गुंठ्यांची पूर्ण मालकीण.

दोन वर्षांनी तीही मृत्युपत्र न करता गेली. आता तिचे वारस शोधायचे, मुलाचे नव्हेत. तिची एक लेक चिपळूणला दिलेली आहे. त्या 12 पैकी 6 गुंठे या आत्याचे. उरलेले 6 गेलेल्या मुलाच्या वाट्याचे, म्हणून तिन्ही नातवंडांना दोन-दोन. सुनेला सासूच्या हिश्श्यातून काही नाही. शेवटी बायकोकडे 12, तिन्ही नातवंडांकडे 14-14, आत्याकडे 6. बाग विकायला काढली की आत्याची सही का लागते म्हणून घरात भांडण पेटतं, ते यामुळे.

सातबाऱ्याचं म्हणाल, तर ती महसुलाची नोंद आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. दोघा भावांनी वारसनोंदीत बहीण लपवली तरी तिचा हिस्सा जागेवरच राहतो. आणि तिला खरंच सोडायचा असेल, तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र हवं. गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीची स्टॅम्पपेपरवर घेतलेली सही त्याला पुरत नाही. आमच्याकडे हे इतकं सर्रास चालतं की लोकांना तोच कायदा वाटतो.

आता वरच्या उदाहरणात एवढंच बदला: आई मुलाच्या आठवडाभर आधी गेली. मग वारस चारच, प्रत्येकाला 15 गुंठे, आणि आत्याला या बागेत काहीच नाही. म्हणून वारसांची यादी करायला बसताना मृत्यूचे दोन्ही दाखले शेजारी ठेवून तारखा आधी वाचा.