साहेबांना रजेची आठवण कशी करावी?

पोळ्याच्या रजेचा मेसेज गेल्या आठवड्यात टाकला. निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तराचा मात्र पत्ता नाही. गावोगावच्या गटांची वसुली करणाऱ्या माझ्यासारख्यांनी अशा वेळी काय करावं, ते सांगतो राजेहो.

आधी नुसतं 'गुड मॉर्निंग सर' पाठवा, खाली गुलाबाचं फूल. साहेब समजून घेतील.

मग 'सर, त्या रजेचं काय झालं?' एवढंच विचारा. कोणती रजा, कुठल्या तारखा, काही लिहू नका. नाहीतर काही शहाणे आपल्या जुन्याच मेसेजला रिप्लाय करून लिहितात: 'सर, गुरुवार-शुक्रवार, पोळा आणि कर, दोन दिवस किरकोळ रजा हवी आहे. गुरुवारची वसुली शेजारच्या रूटवाले भाऊ करतील, त्यांनी हो म्हटलंय. मंगळवारी संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवा, म्हणजे बुधवारी गटांना निरोप देता येईल.' किती हा उद्धटपणा! तारखा, बदली माणूस, मुदत, सगळंच लिहिलं तर 'कोणती रजा?', 'तुझं काम कोण करेल?' हे विचारायची साहेबांची सोयच गेली ना! शिवाय हाच मजकूर ईमेलवर टाकला, तर 'मला सांगितलंच नव्हतं' हेही म्हणता येत नाही.

मुदत टळली तर फोन करू नका. केलाच, तर वसुलीचा आकडा मागायच्या वेळी करा.

आणि उत्तर नाही म्हणजे होकार, असं धरून सरळ गावाला निघा. अ‍ॅपवर अर्ज 'पेंडिंग' राहील, महिनाअखेरी ते दोन दिवस विनापगारी होतील, वर गैरहजेरीची नोटीस. मग साहेबांना नक्की वेळ मिळेल. नोटीस टाईप करायला यांना कधी उशीर झालाय?

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि कानाशी म्हणतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' बैलालाही आदल्या दिवशी निरोप मिळतो बाप्पा! माझे वडील रोज विचारतात, 'येतं का रे? बैल एकट्यानं तोरणाखाली न्यायचे का?' आता त्यांच्या गुडघ्यांनी दोन बैल आवरत नाहीत. मी काय सांगू? साहेब टायपिंग करताहेत?

हे आता पुरे. साहेब, तुम्ही ग्रुपवर 'टार्गेट का अपूर्ण?' हे रात्री अकराला विचारता, आम्ही अकरा-पाचला उत्तर देतो. रजा नाकारायची असेल तर नाकारा, महिनाअखेर आहे म्हणा, एकच दिवस घे म्हणा. मी भावाला तरी बोलावीन. पण 'नाही' लिहायला दोनच अक्षरं लागतात, तेवढी लिहायची लाज वाटते का? मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर बुधवारी सकाळी वसुलीला निघण्याआधी मी तुमच्या टेबलासमोर उभा राहतो, छापील अर्ज घेऊन. सही तरी करा, नाहीतर नकार तरी लिहा.