सँड टेस्टिंगमध्ये सहाय्य केले म्हणे!

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला असलेल्या पोरीला सेमिनारमध्ये बोलायला बोलावलंय. तिने बायो लिहून मला बघायला पाठवला, त्यावर मी तिला हे पत्र लिहिलं. तिला विचारूनच इथे टाकतोय, कारण आपल्याकडची बरीच पोरं-पोरी असंच लिहितात आणि मला ते अजिबात पटत नाही.

अगं, बायो वाचला. पहिल्या ओळीत कॉलेज, मग टक्के, मग दोन सर्टिफिकेटं, मग हार्डवर्किंग आणि टीम प्लेअर, आणि सगळ्यात शेवटी "सँड टेस्टिंगमध्ये सहाय्य केले". सहाय्य कुणाला केलंस गं? गेल्या पावसाळ्यात त्या हाउसिंगच्या जॉबला ब्लो होल, म्हणजे गॅसची भोकं, येत होती तेव्हा सगळा शॉप सँडमधल्या मॉइश्चरच्या नावाने खडे फोडत होता, आणि लॅबचा रिपोर्ट रोज साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ओके! पाणी कमी करा म्हणणारे एकीकडे, मेटल बदला म्हणणारे दुसरीकडे, आणि कास्टिंग मशिनिंगला जाऊन वरची स्किन निघाल्यावर भोकं दिसायची, तोवर सगळा खर्च होऊन गेलेला.

तू काय केलंस ते तुलाच परत सांगायची वेळ आली बघ. आधी रिजेक्ट पीस कापून बघितलेस, भोकं आतून गुळगुळीत होती म्हणजे मेटल आकसल्याचं श्रिंकेज नाही, गॅसच, आणि ती सगळी कोरच्या, म्हणजे कास्टिंगची आतली पोकळी करणाऱ्या वाळूच्या तुकड्याच्या, बाजूला. मग थर्मामीटर घेऊन वापरून परत येणाऱ्या, रिटर्न सँडच्या बेल्टवर गेलीस. ही गोष्ट त्याआधी कुणी केली नव्हती, कारण मॉइश्चरचा आकडा बरोबर येतोय म्हटल्यावर सँडचं टेंपरेचर कोण बघतंय! वजनदार जॉब ओतून झाला की साचे फोडतात त्या शेकआउटवरून येणारी सँड गार व्हायच्या आत परत मिक्सरला जायची, ५० डिग्रीच्या वर. गरम सँडमधलं पाणी वाटेतच उडतं, म्हणून सँड दाबल्यावर किती बसते ती कॉम्पॅक्टॅबिलिटी मिक्सरला ४० आणि मोल्डिंग मशीनला येईपर्यंत बरीच खाली, हे तू दोन्हीकडे मोजून एकाच पानावर मांडलंस. त्यात आपला पावसाळा, कोर रॅकवर गारठून पडलेले. गरम सँडच्या साच्यात, म्हणजे बॉक्समध्ये, गार कोर बसवून बॉक्स बंद केला आणि पोरिंगला थोडा उशीर झाला की वाफ कोरवरच पाणी होऊन बसते, वरून मेटल आलं की त्याचा गॅस होतो, आणि भोक बरोबर तिथेच.

आणि उपाय काय, तर सँडचा कूलर घ्या म्हणून कोटेशन मागवली नाहीस. वजनदार जॉब शिफ्टच्या शेवटी टाकायचा, हाउसिंग आधी काढायचं, कोर लावल्यावर बॉक्स उभा ठेवायचा नाही. खर्च जवळजवळ काही नाही. हे सगळं "सहाय्य" या एका शब्दात कोंबलंस आणि टक्क्यांना अख्खी ओळ दिलीस, म्हणजे पंगतीत मीठ-लिंबू वाढून श्रीखंड आतच ठेवल्यासारखं झालं की!

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. बदल प्लॅनिंगवाल्यांनी केला, बॉक्स लवकर ओतायचं सुपरवायझरनी बघितलं, मग मी एकटीने केलं असं कसं लिहू? तसं लिहूच नकोस. भोकांचं कारण तू शोधलंस, मांडलंस, शिफ्टचा क्रम तू सुचवलास, अंमल त्यांनी केला. एवढंच लिही, त्यात खोटंही काही नाही आणि कुणाचं हिसकावून घेतल्यासारखंही नाही. पण "आम्ही टीमने काम केले" असं लिहिलंस की ऐकणाऱ्याला कळतच नाही त्यात तू कोण, आणि समोर बसलेला फाउंड्रीवाला तुला प्रश्न तरी काय विचारणार?

मी असं सुरू केलं असतं बघ: "पावसाळ्यात कोर असलेल्या कास्टिंगमध्ये येणाऱ्या ब्लो होलचं कारण गरम रिटर्न सँडमध्ये आहे हे मोजमाप करून दाखवलं, आणि जॉबचा क्रम बदलून ते रिजेक्शन कमी करायचा उपाय सुचवला." त्याखाली आधीचा आणि नंतरचा आकडा, तुझ्या रजिस्टरमधला, पण साहेबांना विचारूनच. कस्टमरचं आणि पार्टचं नाव अजिबात नको. आणि हा आकडा त्या एका जॉबचा, त्या एका डिफेक्टचा आहे हेही लिही, अख्ख्या फाउंड्रीचं रिजेक्शन कमी केलं असं वाटायला नको, नाहीतर पहिल्या रांगेतला एखादा म्हातारा मेथडवाला तुला तिथेच धरेल. मी असतो तर धरलं असतं.

कॉलेज शेवटी एका ओळीत, टक्के काढून टाक. हार्डवर्किंग वगैरेही काढ. उन्हाळ्यात तोच जॉब, तीच सँड असून त्रास कमी का होता, हा प्रश्न शंभर टक्के येणार, तर कोरच्या टेंपरेचरची ती तुझी वही सोबत घे. नवीन ड्राफ्ट शुक्रवारच्या आत पाठव, शनिवारी मी खानापूरला असतो, तिकडे रेंज नसते.