डाळ, पनीर, भरली वांगी आणि वाइन: दोष मांस नसण्याचा नाही

«वाइन मांसाबरोबरच जमते. शाकाहारी जेवणात टॅनिन धरायला काही नसतं, आपल्या मसाल्यापुढे वाइनची चव मरते, आणि घ्यायचीच असेल तर गोड वाइन घ्या.»

असं बरेचदा ऐकू येतं. त्यात कितपत तथ्य आहे ते बघू. टॅनिनपासून, म्हणजे द्राक्षाच्या सालीबियांतून रेड वाइनमध्ये उतरणाऱ्या तुरट द्रव्यापासून सुरुवात करतो. रेड वाइन प्यायल्यावर तोंड तुरट आणि कोरडं पडतं, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. घासात प्रथिनं आणि स्निग्धांश असले तर टॅनिन काही प्रमाणात त्यांना चिकटतं आणि तुरटपणा उतरतो. हे काम मांस करतं, तसं पनीरही करतं. पनीरमधलं मुख्य प्रथिन केसीन, आणि वाइन तयार करणारे लोक जास्तीचं टॅनिन काढायला हेच केसीन वाइनमध्ये घालत आले आहेत. (याच कामाला अंड्याचा पांढरा बलक आणि माशापासून काढलेला पदार्थही वापरतात, त्यामुळे काटेकोर शाकाहारी माणसाने बाटलीवरची माहिती जरूर वाचावी.) तव्यावर किंवा निखाऱ्यावर कडा करपेपर्यंत भाजलेलं पनीर मध्यम टॅनिनच्या रेडबरोबर सुरेख लागतं.

पालक-पनीरला मात्र रेड नको. पालकातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे दातांवर आधीच खरखरीत थर बसतो, त्यावर टॅनिन आलं की तोंड दुप्पट कोरडं पडतं. तिथे सोव्हिन्यों ब्लाँसारखी थंड व्हाइट बरी. पनीर दोन्हीकडे तेच, पण सोबतची भाजी निर्णय फिरवते.

डाळीबाबत त्या म्हणण्यात तथ्य आहे. शिजलेल्या डाळीत पाणी फार असतं, पनीरइतका दाट स्निग्धांश नसतो, त्यामुळे साध्या वरणाबरोबर कॅबर्ने सोव्हिन्योंसारखी भरपूर टॅनिनची रेड कडक लागते. पण यावरून डाळीबरोबर वाइनच नको, असं कसं ठरतं? घरी करून बघा. एकाच डाळीच्या तीन वाट्या घ्या. पहिली तशीच ठेवा, दुसरीत मीठ किंचित वाढवून लिंबू पिळा, तिसरीत सुपारीएवढा गूळ विरघळवा. आता शेनिन ब्लाँसारखी एकच कोरडी, म्हणजे गोड नसलेली, व्हाइट घ्या आणि एक घोट, एक घास, पुन्हा घोट असं तिन्ही वाट्यांबरोबर चाखा. लिंबाच्या वाटीनंतर वाइन मऊ आणि फळांच्या चवीची वाटते. गुळाच्या वाटीनंतर तीच वाइन पातळ, आंबट आणि थोडी कडू होते. बाटली बदललेली नाही, मांस तिन्ही वाट्यांत नाही. जेवणातला आंबटपणा आणि खारटपणा वाइनला मऊ करतो, गोडवा तिला कडक करतो.

भरली वांगी इथेच फसतात. आमच्याकडे एकदा पाहुण्यांसाठी भरली वांगी केली होती: दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, चिंच आणि सढळ हाताने गूळ. सोबत ओकच्या पिंपात मुरवलेली, साडेचौदा टक्के अल्कोहोलची शिराझ ही रेड वाइन उघडली. दुसऱ्या घासालाच सगळ्यांनी पेले बाजूला ठेवले. मसाल्याने वाइन मारली, असंच तेव्हा सगळे म्हणाले. पण गोडा मसाला, धणे, तीळ यांच्या सुवासाशी शिराझचं वैर नाही. गुळामुळे ती कडू लागली, वांग्याच्या स्वतःच्या तुरटपणात ओकच्या लाकडाचा तुरटपणा मिसळला, आणि तिखटाने तोंड पेटलं. तिखट ज्या संवेदकामुळे जळजळतं, त्यालाच अल्कोहोलही चाळवतं. म्हणून साडेबारा टक्क्यांच्या आतबाहेरची वाइन तिखटाबरोबर सुसह्य होते आणि साडेचौदाची आग लावते.

पुढच्या वेळी गूळ निम्मा केला, चिंच तेवढीच ठेवली, आणि हलक्या टॅनिनची पिनो न्वार ही रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून गार करून दिली. कुटाच्या तेलाने उरलासुरला तुरटपणा सांभाळला. पेले रिकामे झाले.

गोड वाइनचा सल्ला अर्धाच खरा आहे. जेवणात गूळ असेल तर वाइन निदान तेवढी गोड हवी, आणि तिखटाची धग साखरेने खरंच कमी होते. म्हणून गूळ कमी करायचा नसेल, तर रीझलिंगसारखी किंचित गोड पण चांगली आंबट व्हाइट भरल्या वांग्यांना उत्तम. पण लसणाच्या फोडणीच्या, लिंबू पिळलेल्या डाळीबरोबर ठार गोड वाइन दिली, तर ती सरबतासारखी जिभेवर बसते आणि डाळीची चव झाकते. तिथे कोरडी, थंड, आंबटसर व्हाइटच हवी. ती डाळीहून कमी आंबट असली तर मात्र पाणचट लागेल, म्हणून लिंबू पिळण्याआधी वाइनचा एक घोट घेऊन बघा.