‘कुऱ्हाडे’ शोधले तर अर्धेच का सापडतात?

झेडडब्ल्यूजे हे अक्षरे जोडणारे आणि झेडडब्ल्यूएनजे हे ती जोडू न देणारे अदृश्य चिन्ह. यांच्याविषयी आणि ऱ विषयी एक दावा असा: “ऱ हे अक्षर तमिळसाठी आहे, मराठीचे नाही. ‘शेतकऱ्यां’मधला र लिहायचा तर र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हाच शुद्ध मार्ग. झेडडब्ल्यूजे काय, झेडडब्ल्यूएनजे काय, दोन्ही अदृश्यच, कोणतेही टाका.”

पहिले वाक्य अर्धे खरे आहे. युनिकोडच्या तक्त्यात ऱ (U+0931) द्राविडी भाषांतील र लिहिण्यासाठी दिला आहे. पण य आणि ह यांच्याआधी येणारा आपला आडवा अर्धा र हे त्याचेच अर्धे रूप, असेही तिथेच नोंदवले आहे. म्हणून ऱ, हलन्त, य एवढे पुरते. इन्स्क्रिप्ट कळफलकात तो शिफ्टसह J वर आहे. झेडडब्ल्यूजेची पद्धत चुकीची नाही, परंतु युनिकोडने ती जुन्या मजकुराशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली आहे. तिलाच एकमेव शुद्ध म्हणणे उलटे आहे.

दोन्ही पद्धती एकाच फाइलमध्ये मिसळल्याचा फटका मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावाच्या सोयाबीन उत्पादकांच्या यादीत पाहिला. ‘कुऱ्हाडे’ आडनावाची अकरा कुटुंबे होती, शोध घेतला की सातच सापडत, कारण उरलेली चार दुसऱ्या टंकलेखकाने झेडडब्ल्यूजे वापरून लिहिली होती. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी नावे वाटतात, आणि युनिकोडचे सामान्यीकरण करूनही ती एक होत नाहीत. पुढे कोणीतरी फाइलमधली अदृश्य चिन्हे एकगठ्ठा काढून टाकली, तेव्हा त्या चौघांच्या ह वर रफार चढला आणि ‘कुर्हाडे’ झाले. ‘दऱ्या’चे असे झाले तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र, म्हणजे ‘दर्या’, होतो आणि तो शब्दही खरा असल्याने शुद्धलेखन तपासनीस गप्प राहतो.

म्हणून अदृश्य चिन्हे काढण्याआधी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे यांच्या जागी ऱ, हलन्त असा बदल करावा, नंतर नव्हे, कारण एकदा झेडडब्ल्यूजे गेले की मूळ रूप कोणते होते ते कळत नाही. पायथनमध्ये:

```
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

दोन्ही चिन्हे सारखी आहेत हे तर साफ चूक आहे. र आणि हलन्त यांच्यानंतर झेडडब्ल्यूएनजे आले, तर आडवा र मिळत नाही, पाय मोडलेला र् उघडा दिसतो. झेडडब्ल्यूएनजे जोडाक्षर तोडून हलन्त दाखवते, आणि ‘वाङ्‌मय’ किंवा ‘उद्‌घाटन’ लिहिताना नेमके तेच हवे असते. झेडडब्ल्यूजे अर्धे अक्षर मागते: क, हलन्त, झेडडब्ल्यूजे, ष दिल्यास ‘क्ष’ ऐवजी अर्धा क आणि शेजारी पूर्ण ष येतो. मुलांच्या पुस्तकात जोडाक्षराची फोड दाखवायची असेल, तेव्हा याला पर्याय नाही. मात्र द सारख्या दंड नसलेल्या अक्षराला बहुतेक फाँटांत अर्धे रूपच नसते, त्यामुळे तिथे झेडडब्ल्यूजे टाकूनही हलन्तच दिसतो.