थर्माकोलचे तीन डबे आणि आमची उलटी उतरंड

आज दुपारी शहरातल्या एका आंतरशालेय स्पर्धेत ‘कचरा व्यवस्थापन’ या विषयावर प्राथमिक गटातला पहिला क्रमांक थर्माकोलच्या तीन डब्यांना मिळाला. डबे नवेकोरे होते, त्यांवर चिकटवलेला हिरवा, निळा आणि लाल घोटीव कागदही नवाच होता, आणि परीक्षक ज्या कागदी कपांतून चहा पीत होते ते कप त्याच टेबलाखालच्या खोक्यात एकावर एक पडत होते. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, याची आठवण तिथे कोणालाही झाली नाही. माझ्या चौथीच्या मुलांनी खडूने काढलेली उतरंड आणि तिच्यावर मांडलेले वेष्टनांचे ढीग पाहून एक परीक्षक म्हणाले, “बाई, उपक्रम चांगला आहे, पण जरा अस्वच्छ वाटतो.” कचऱ्याचा पाठ अस्वच्छ वाटतो! घरी येईपर्यंत रिक्षात मी हेच वाक्य घोळवत होते.

आमचा क्रमांक आला नाही म्हणून मी रागावले आहे असे वाटणाऱ्यांनी तसे खुशाल वाटून घ्यावे. माझा राग निराळा आहे. ओला कचरा कोणत्या डब्यात आणि सुका कोणत्या, हे आमची मुले बालवाडीपासून गाण्यात म्हणतात आणि झोपेतून उठवले तरी सांगतील. परंतु डब्याचा प्रश्न कचरा झाल्यानंतरचा आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत जो अग्रक्रम सांगितला आहे, त्यात आधी कचरा होऊच न देणे येते, मग कमी करणे, मग पुन्हा वापरणे, मग पुनर्चक्रण, मग ऊर्जा वगैरे काही परत मिळवणे आणि अगदी शेवटी पुरून विल्हेवाट लावणे. म्हणजे डबे येतात ते निम्मी वाट संपल्यावर, आणि आपण मुलांना नेमके तिथूनच चालायला शिकवतो.

डबे लागतातच, हे मान्य आहे. ओल्याने भिजलेली रद्दी कोणी घेत नाही. पण तेवढेच.

आम्ही हा पाठ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन जोडतासांत घेतला. साहित्य म्हणून मी चित्रांची पत्ते-कार्डे केली नाहीत, कारण कार्डावरचा कचरा नेहमी सोपा असतो आणि तो कोणाचाच नसतो. सोमवार ते शुक्रवार वर्गाच्या टोपलीत जे पडले तेच आम्ही साठवले. पोषण आहाराचे उरलेले अन्न मात्र त्याच दिवशी झाकणाच्या बादलीत तोलून मागच्या खड्ड्यात टाकत होतो, नाहीतर शुक्रवारी वर्गात बसता आले नसते. मुलांसमोर ढीग ओतण्यापूर्वी मी एकटीने तो चाळला आणि टोकयंत्राचे एक पाते, काचेचा तुकडा आणि घड्याळाचा एक सेल बाजूला काढला. मुलांनी घरून चिमटे आणले होते, खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरली होती आणि साबण बाहेरच्या नळावर ठेवला होता.

पहिली वर्गवारी वस्तू कशाची आहे यावरून केली, आणि ती दहा मिनिटांत संपली. मग ताणकाट्याला कापडी पिशवी अडकवून आम्ही तोलले. छत्तीस मुलांचे पाच दिवसांचे अन्न ३ किलो २०० ग्रॅम, कागद आणि पेन्सिलीची टरफले मिळून १ किलो १०० ग्रॅम, आणि चिप्स-बिस्किटांची वेष्टने फक्त १५० ग्रॅम भरली. “बाई, वेष्टनं तर काहीच नाहीत,” असे मुले म्हणाली, आणि मला हाच क्षण हवा होता. मी ती मोजायला लावली. ती ९६ निघाली, आणि ढीग म्हणून रचल्यावर कागदापेक्षा उंच झाली. नुसते वजन पाहिले की हलका कचरा डोळ्यांआड होतो. म्हणून लहान मुलांकडून वजन आणि नग दोन्ही लिहून घ्यावेत, असे मी प्रत्येक शिक्षकाला सांगेन.

खरा पाठ दुसऱ्या वर्गवारीत होता. व्हरांड्यात खडूने त्या अग्रक्रमाप्रमाणे सहा मडक्यांची उतरंड काढली. आमच्या घरातली उतरंड खाली मोठ्या मडक्याची आणि वर लहान गाडग्याची असते. ही मात्र उलटी, म्हणजे ‘होऊच नये’ हे सर्वांत मोठे मडके सर्वांत वर आणि ‘पुरून टाकणे’ हे सर्वांत लहान तळाशी. एका मुलाने लगेच हात वर केला आणि म्हणाला, “बाई, ही उतरंड पडणार.” मी त्याला म्हटले, पडते आहेच बाळा, म्हणून तर हा पाठ घेते आहे. (हे मला तेव्हा सुचले याचा मला अजूनही आनंद आहे.) नियम एकच होता: प्रत्येक वस्तू वरच्या मडक्यापासून सुरू करायची, तिथे ‘नाही’ असे उत्तर कारणासह मिळाले तरच एक मडके खाली उतरायचे.

अपेक्षेप्रमाणे निम्म्या वर्गाने सगळे काही थेट ‘पुनर्चक्रण’ या मडक्यात नेऊन टाकले, कारण तो शब्द पाठ असतो आणि तो म्हटला की आपण चांगले ठरतो. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी पुढे आली. तिच्या घरी तेलुगू बोलतात, आई भंगार गोळा करते, आणि वर्गात ती सहसा बोलतच नाही. तिने दुधाची पिशवी आणि पाण्याची बाटली तिथेच राहू दिली, चिप्सची सगळी वेष्टने चिमट्याने उचलून बाहेर काढली आणि म्हणाली, “हे कोणीच घेत नाही, बाई.”

हे कोणीच घेत नाही. कारण शोधायला आम्ही एक वेष्टन मुठीत चुरगाळले आणि सोडले. ते हळूहळू उलगडून पुन्हा पसरले. पोळी गुंडाळायचा अॅल्युमिनिअमचा कागद चुरगाळला, तर तो गोळाच राहिला. म्हणजे ते चकाकणारे वेष्टन धातूचे नाही. प्लास्टिकवर धातूचा अत्यंत पातळ थर चढवलेला असतो, आणि बहुतेक वेळा असे दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. हे थर वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. जे मला पुस्तकातून समजावून सांगायला वीस मिनिटे लागली असती ते त्या मुलीला आईच्या पोत्यावरून ठाऊक होते, आणि आजवर आपण तिला ‘अबोल, लक्ष देत नाही’ असे शेरे देत आलो. आपण म्हणजे मीच.

वेष्टने खाली उतरली. ‘जाळून टाकू’ असे एकजण म्हणाला, तेव्हा स्पष्ट करावे लागले की मैदानात काडी लावणे हे पाचवे मडके नव्हे. वेगळा काढलेला असा सुका कचरा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरतात, ते पाचवे. उघड्यावर जाळणे कोणत्याच मडक्यात बसत नाही, नियमांत त्याला मनाई आहे. आणि वेष्टन भाजीच्या देठांत मिसळून गेले, तर ते भट्टीपर्यंतही पोहोचत नाही, तळाच्या मडक्यातच जाते.

आता ‘पुन्हा वापरणे’ या मडक्याबद्दल, कारण इथे माझा संयम नेहमी संपतो. प्लास्टिकच्या बाटलीला टिकल्या चिकटवून केलेली फुलदाणी हा पुनर्वापर नाही. ती पंधरा दिवस कपाटावर धूळ खाते आणि मग टिकल्या, डिंक आणि रंगासकट टाकली जाते. त्या अवस्थेत तिला भंगारातही भाव नसतो. वर्गात आम्ही एकच कसोटी लावली: या वस्तूमुळे कोणती नवी वस्तू विकत घेणे टळले? जुन्या कॅलेंडरच्या पानांनी वह्यांना कव्हरे घातली, तर खाकी कागद आणावा लागला नाही, म्हणून ती मडक्यात बसली. यंत्रमागावरची चिंधी यंत्र पुसायला जाते, तिच्यामुळे नवे कापड फाडावे लागत नाही, म्हणून तीही बसली. अर्ध्या वर्गाचे वडील मागावर असल्याने त्यावर कोणी वादच घातला नाही. फुलदाणी मात्र बाहेर गेली. हस्तकलेच्या तासाला तिला जागा असू द्या, माझी ना नाही.

शेवटी त्या ९६ वेष्टनांपाशी पुन्हा आलो. सगळी तळाला पडली होती आणि मुले जरा हिरमुसली होती. त्याच मुलीने त्यातले एक उचलले, सगळी उतरंड चढून ते वरच्या मडक्यात ठेवले आणि विचारले, “घेतलंच नाही तर?” एवढेच. पुढचा अर्धा तास वर्ग भांडत होता. पाच रुपयांच्या पाच पुड्यांऐवजी घरून शेंगा-गूळ आणायचा का, वाढदिवसाला काय वाटायचे, आणि दुकानदार सुटे फुटाणे कागदात देईल का, असे त्या भांडणाचे विषय होते. खिचडीसाठी त्यांनी ठरवले की आधी अर्धी पळीच घ्यायची, आणि हवी तर परत मागायची.

पुढच्या आठवड्यात उरलेले अन्न ३ किलो २०० ग्रॅमवरून १ किलो ९०० वर आले आणि वेष्टने ६१ झाली. त्यानंतर सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा आली, मुले गड्ड्याच्या जत्रेवरून आली, आणि वेष्टने ११० झाली. मी हा आकडाही फळ्यावर लिहून ठेवला आहे. एका पालकांनी ‘आमच्या मुलाला कचरा उचलायला लावता का’ असेही येऊन विचारले. हातांच्या स्वच्छतेची त्यांची काळजी रास्त होती, म्हणून मी साबण दाखवला. बाकीच्या अर्थाचे उत्तर मी दिले नाही, कारण ती मुलगी दोन पावलांवर उभी होती.

आज निकालानंतर मी तणतणत सामान आवरत होते, तेव्हा ती टेबलाखालच्या खोक्याशी बसून कप मोजत होती. तेवीस निघाले. तिने मला विचारले, “बाई, हे कागदाचे आहेत ना?” मी म्हटले, भिजवून बघू. शाळेत परतल्यावर तिने दोन कप फाडून पाण्याच्या बादलीत टाकले आहेत. उद्या शनिवारची सकाळची शाळा आहे. तोवर कागद भिजून मऊ झालेला असेल, आतले प्लास्टिकचे पातळ अस्तर सोलून काढता येईल, आणि ते चिमट्याने उचलून कोणत्या मडक्यात ठेवायचे हे तीच वर्गाला सांगणार आहे.