चार्ट म्हणजे पुस्तकाचं पान नव्हे

"क्रोशाचा असो की दोन सुयांचा, चार्ट पुस्तकाच्या पानासारखा वाचायचा. वरून खाली, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे. फक्त एकाआड एक ओळीत चिन्हाचा अर्थ उलटा करायचा."

नौपाड्यापासून वाशीपर्यंतच्या विणकामाच्या ग्रुपांवर हा फॉरवर्ड सध्या फिरतोय. त्यात तीन दावे आहेत.

दिशेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त सूत तिथेच उसवावं लागतं. चार्ट म्हणजे कापडाच्या सुलट बाजूचं चित्र. उजव्या हाताने विणणारी सुलट बाजूवर उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून पहिली ओळ उजवीकडून वाचायची. मग काम फिरवलं की तिचा हात तसाच चालतो, पण सुलट बाजूने पाहिलं तर ती आता डावीकडून उजवीकडे जात असते. म्हणून दुसरी ओळ डावीकडून वाचायची.

जाळी आणि भरीव घरांच्या क्रोशात हे लगेच तपासता येतं. दाराच्या तोरणावर 'श्री' काढतात तेच काम. रिकामं घर म्हणजे दोन साखळ्या आणि एक खांब, भरलेलं घर म्हणजे तीन खांब. सहा घरांची, सहा ओळींची तिरकी रेघ घ्या: पहिल्या ओळीत सगळ्यात उजवीकडचं घर भरलेलं, दुसरीत उजवीकडून दुसरं, अशी ती डावीकडे चढत जाते. सुरुवातीला 22 साखळ्या घाला. त्यातल्या 3 पहिल्या खांबाच्या जागी मोजायच्या आणि पुढचा खांब सुईपासून पाचव्या साखळीत घ्यायचा. पहिली ओळ: एक भरलेलं, पाच रिकामी. काम फिरवा. दुसरी ओळ डावीकडून: चार रिकामी, एक भरलेलं, एक रिकामं. तिसरी पुन्हा उजवीकडून: दोन रिकामी, एक भरलेलं, तीन रिकामी.

आता फॉरवर्डप्रमाणे प्रत्येक ओळ डावीकडून वाचा. सम ओळी योग्य जागी पडतात, विषम ओळी आरशात पाहिल्यासारख्या उलटतात. भरलेली घरं उजवीकडून मोजली तर 1, 2, 3, 4, 5, 6 अशी यायला हवीत, ती येतात 6, 2, 4, 4, 2, 6. रेघ कुठेच दिसत नाही. मग हा फॉरवर्ड टिकला कसा? माझा अंदाज, ज्यांचा नमुना दोन्ही बाजूंनी सारखा होता, त्यांना कधी फरक जाणवलाच नाही. शंकरपाळ्यासारखी नक्षी कुठूनही वाचा, तीच येते.

ओळ कुठून सुरू होते हे चार्टच सांगतो: ओळीचा क्रमांक ज्या बाजूला छापलेला असतो, तिथून. क्रोशात त्याच कडेला फिरण्याच्या साखळ्याही उभ्या काढलेल्या असतात. 1 हा आकडा डावीकडे असेल तर पहिली ओळ उलट बाजूची आहे. सगळे आकडे उजवीकडे आणि क्रमाने असतील तर बहुधा गोल विणकाम आहे. तिथे काम फिरतच नाही, प्रत्येक फेरी उजवीकडून. आणि आकडे फक्त 1, 3, 5 असतील तर सम ओळी चार्टमध्ये नाहीतच, त्या कशा विणायच्या ते शेजारी लिहिलेलं असतं.

'वरून खाली' हा दावा घरांच्या चित्रात एक वेळ खपून जातो. वरच्या डाव्या टोकापासून सुरू करून ओळीगणिक दिशा बदलली, तर चित्र उलटं होतं, तयार तुकडा फिरवला की सरळ. शंख किंवा पंख्याच्या नमुन्यात मात्र ते शक्य नाही. तिथे पाच खांबांचे पाय खालच्या ओळीतल्या एका टाक्यात रोवलेले असतात. खालची ओळच विणलेली नसेल तर ते रोवणार कशात?

राहिला चिन्हांचा अर्थ. दोन सुयांच्या कामात हे बरोबर आहे. रिकामा चौकोन म्हणजे सुलट बाजूने सुलट दिसणारा टाका, तो उलट बाजूच्या ओळीत उलट विणावा लागतो. दोन्हीकडे सुलटच विणलात तर गुळगुळीत कापडाऐवजी आडव्या वळ्या येतात. पण क्रोशात साखळी ती साखळी आणि खांब तो खांब, कुठल्याही बाजूने. अपवाद खालच्या खांबाच्या दांड्याभोवती घेतलेल्या खांबांचा. पुढून घेतलेला उठून दिसतो, मागून घेतलेला दबतो. जपानी चार्टमध्ये हे चिन्ह सुलट बाजूचं रूप दाखवतं, म्हणून उलट ओळीत पुढूनच्या जागी मागून घ्यायचा. इतर चार्टमध्ये आधी चिन्हांची यादी पाहा.

डावखुऱ्यांनी दिशा नेमक्या उलट धराव्यात: पहिली ओळ डावीकडून, दुसरी उजवीकडून. तेव्हाच 'श्री' सरळ येईल.